कठीण पाणी: दीडशे म्हणजे नक्की किती?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती. बोअरच्या पाण्याची घरी किटने तपासणी केली, मॅग्नेशियम १५० आलं. भारतीय मानकात पसंतीची मर्यादा ३० आहे. म्हणजे पाचपट झालं का? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

आधी किट काय करतं ते पाहू. नमुन्यात बफर आणि सूचक टाकला की पाणी लालसर होतं. मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे. शेवटची लाल छटा जाऊन निळा रंग आला की थांबायचं. हा झाला एकूण कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. दुसऱ्या नमुन्यात कॉस्टिक सोडा घालतात. त्याने मॅग्नेशियम साक्याच्या रूपात बाजूला पडतं आणि वेगळा सूचक वापरून फक्त कॅल्शियम मोजलं जातं. मॅग्नेशियम आपण मोजतच नाही, ते वजाबाकीतून काढतो.

या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. एकूण १६ थेंब लागले, म्हणजे ४००. कॅल्शियमला १० थेंब, म्हणजे २५०. उरले १५०. पण हे सगळे आकडे ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ आहेत. डॉलर आणि पौंड दोन्ही रुपयांत मांडावेत, तसा हा हिशेबाचा प्रकार. प्रत्यक्ष कॅल्शियम हवं असेल तर ०.४ ने गुणायचं: १०० मिलिग्रॅम. मॅग्नेशियमसाठी ०.२४३ ने: सुमारे ३६. मानकातले ३० हे प्रत्यक्ष मॅग्नेशियमचे आहेत. तेव्हा पाचपट वगैरे काही नाही, फार तर थोडं जास्त.

आता ‘थोडं जास्त’ तरी खात्रीने म्हणता येईल का? प्रत्येक मोजणीत एका थेंबाची चूक धरा. वजाबाकीत दोन्ही चुका एकत्र येऊ शकतात. मग सहा थेंबांचा फरक खरं तर चार ते आठ थेंबांमधला काहीही असेल. म्हणजे मॅग्नेशियम २४ ते ४९. मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हे या मोजणीने ठरतच नाही!

उपाय सोपा आहे. नमुना दुप्पट घ्या, बफर आणि सूचकही दुप्पट. आता एक थेंब साडेबाराचा झाला, चूक निम्मी झाली. दोनदा मोजून पाहा. शिवाय पर्यायी स्रोत नसेल तर मानक मॅग्नेशियम १०० पर्यंत, कॅल्शियम २०० पर्यंत आणि एकूण कठीणपणा ६०० पर्यंत चालवून घेतं. आपल्या श्रोत्याचं पाणी कठीण आहे, गीझरमध्ये पापुद्रा धरेल, साबण कमी फेसाळेल. पण तेवढ्या एका १५० च्या आकड्यावर महागडं यंत्र घेऊ नये. आकडा दिसला की आधी विचारावं: कशाचा, कशाच्या रूपात, आणि किती थेंबांच्या फरकाने?