घड्याळाला दिसते ती झोप

सकाळी डोळे उघडले की आई आधी मनगटाकडे बघते. हे स्मार्ट वॉच भाच्याने दिलंय. "दोन वाजेपर्यंत टक्क जागी होते गं मी, आणि हे म्हणतं अकरालाच झोप लागली," अशी तिची तक्रार असते. घोरणं वाढलं म्हणून डॉक्टरांनी तिला स्लीप स्टडी करायला सांगितली, तेव्हा त्या रात्री घड्याळही हातात राहू द्यावं अशी मी विनंती केली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या होत्या.

तिथल्या तंत्रज्ञ मुलीने टेपने आईचं डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या, त्या जागा घासून स्वच्छ केल्या आणि पेस्ट लावून छोट्या वाटीसारखे इलेक्ट्रोड चिकटवले. डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीवर काही, पायांवर काही. नाकाखाली श्वासाची नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप. "सत्यनारायणाला पण एवढी तयारी नसते," आई म्हणाली. एवढ्या वायरी लागतात, कारण झोपेचे टप्पे मुळात ठरलेत तेच मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांवरून.

संगणकावर ही सगळी नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत दिसते. आठ तासांची 960 पानं होतात. तंत्रज्ञ एकेक पान पाहून त्याला टप्प्याचं नाव देतो. पेंगण्याचा टप्पा एन-1. मग एन-2, त्यात मधूनच अर्ध्या-एक सेकंदाचा दाट कंप उमटतो. चातीवर सूत गुंडाळल्यासारखा तो मधे फुगीर आणि टोकांना निमुळता दिसतो. गाढ झोप म्हणजे एन-3, तिच्या लहरी उंच आणि संथ. नियम काटेकोर आहे: अशा लहरींची उंची 75 मायक्रोव्होल्टच्या वर हवी आणि पानाचा किमान पाचवा भाग, म्हणजे सहा सेकंद, त्यांनी व्यापलेला हवा. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, डोळे झपझप फिरतात आणि हनुवटी पार सैल पडते. रात्रीच्या उत्तरार्धात, आपण जिला साखरझोप म्हणतो त्या सुमाराला, रेम जास्त असते.

यातलं काहीच मनगटावर नसतं. घड्याळाकडे दोनच मुख्य साधनं आहेत. एक हालचाल मोजतं. दुसरं म्हणजे मागचा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. त्यावरून ठोके मोजले जातात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं तेही कळतं. श्वास घेताना नाडी किंचित वेगावते आणि सोडताना मंदावते, त्यामुळे श्वासाची लयही त्यातच सापडते.

गाढ झोपेत नाडी संथ आणि श्वास एकसारखा असतो. रेममध्ये दोन्ही अनियमित होतात, पण हातपाय हलत नाहीत. हजारो पानांची स्लीप स्टडी आणि त्याच रात्रीच्या मनगटी नोंदी संगणकापुढे ठेवून त्याला हे मेळ शिकवलेले असतात. झोपून किती वेळ झाला हेही अनेक पद्धतींत जमेस धरतात, कारण गाढ झोप बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात येते. म्हणून घड्याळाचा आलेख नेहमी पटण्याजोगा दिसतो, अगदी चुकला तरीही.

आई साडेदहा ते साडेसहा अंथरुणावर होती. स्लीप स्टडीत झोप निघाली सहा तास आणि जाग दोन तास. घड्याळाने सहा तास पन्नास मिनिटं झोप दाखवली. ही तफावत अपघाती नाही. निव्वळ हालचाल मोजणाऱ्या मनगटी यंत्रांची स्लीप स्टडीशी तुलना करणारा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. झोपेची सुमारे 96 टक्के पानं यंत्राने बरोबर ओळखली, पण जागेपणाची फक्त 33 टक्के. आईची रात्र या आकड्यांनी मांडून पाहा. झोपेची 720 पानं, त्यांतली साधारण 695 बरोबर. जागेपणाची 240 पानं, त्यांतल्या सुमारे 160 पानांवर यंत्र "झोप" लिहिणार. बेरीज 855 पानं, म्हणजे सात तासांच्या थोडं वर. सहा तासांचे सात झाले. आईच्या घड्याळाला नाडीचाही आधार आहे म्हणून चूक जरा कमी, पण दिशा तीच.

आता रात्रभर शांत झोपणारा माणूस घ्या: साडेसात तास झोप, अर्धा तास जाग. याच हिशोबाने यंत्र त्याला साडेसात तासच दाखवेल, चार-पाच मिनिटं इकडेतिकडे. मला ही गोष्ट सगळ्यांत खटकते. ज्याला झोपेची काही अडचण नाही त्याला घड्याळ अचूक वाटतं, आणि अंधारात आढ्याकडे बघत निश्चल पडून राहणाऱ्याला, ज्याला खरी गरज आहे त्याला, ते झोपलेला ठरवतं.

टप्प्यांत अंतर आणखी वाढलं. घड्याळाने आईला एक तास दहा मिनिटं गाढ झोप दिली होती. अहवालात एन-3 होती बावीस मिनिटं. ती मुलगी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, लहरी संथच आहेत, पण उंची बघा, पंचाहत्तरला पोहोचत नाही." वय वाढतं तशी या लहरींची उंची कमी होते आणि नियम मात्र वयाप्रमाणे बदलत नाही. नाडी तर तेव्हाही संथच असते. घड्याळ नाडी पाहून गाढ म्हणतं, तंत्रज्ञ उंची पाहून एन-2 लिहितो. इथे घड्याळ खोटं बोलत नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजून त्यांना एकच नाव देतायत. नाडी संथ ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, ताप, दारू, अनियमित ठोके यांनीही हा अंदाज ढळतो. पट्टा सैल असला तर नाडीच नीट मिळत नाही.

तंत्रज्ञांचंही नेहमी एकमत होत नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने तीच पानं अनेकांकडून तपासून घेतली, तेव्हा सरासरी जुळणी 83 टक्क्यांच्या आसपास आली. रेमवर ती नव्वदच्या घरात होती, एन-3 वर फक्त 67. म्हणजे ज्या उत्तरपत्रिकेवरून घड्याळ शिकलं, तीही गाढ झोपेबाबत पूर्ण ठाम नाही.

आईच्या अहवालात खरी गोष्ट वेगळीच होती. तिचा श्वास तासाला बावीस वेळा अडत होता, दर वेळी दहा सेकंद किंवा जास्त. अनेकदा त्यानंतर मेंदू तीन-चार सेकंद जागा व्हायचा आणि पुन्हा झोपायचा. एवढी छोटी जाग पानाचं नाव बदलत नाही. अर्ध्याहून अधिक पान जागेपणाचं असेल तरच ते "जाग" ठरतं. पण तंत्रज्ञ ती वेगळी टिपून ठेवतो. घड्याळ मात्र आजूबाजूच्या मिनिटांची सरासरी काढून रेघ सपाट करतं. त्याच्या आलेखात त्या वेळी निळा, अखंड पट्टा होता.

डॉक्टरांनी मात्र घड्याळ बाजूला ठेवलं नाही. परक्या पलंगावर, वायरींत गुंतून काढलेली एक रात्र घरच्या रात्रीसारखी नसते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टप्प्यांच्या रंगांवरून बोट पुढे सरकवलं आणि मागच्या दोन आठवड्यांत आई किती वाजता आडवी झाली आणि किती वाजता उठली, तेवढं कागदावर उतरवून घेतलं. शनिवार-रविवारी नातवंडं आली की तिचं झोपणं दीड-दोन तास पुढे जात होतं. "हे खरं आहे ना?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "हो, हे मात्र अगदी खरं."