पत्ता आभासी, जागा खरी

संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावली चालू असतात. प्रत्येक आज्ञावलीला वाटते की संपूर्ण स्मृती आपलीच आहे. दोन आज्ञावली २०,५०० या एकाच पत्त्यावर माहिती लिहितात, तरीही एकीची माहिती दुसरीच्या माहितीवर पडत नाही. याचे कारण असे, की आज्ञावली वापरते तो पत्ता आभासी असतो. स्मृतीतील खरी जागा प्रोसेसर दर वेळी शोधून काढतो. या व्यवस्थेला पेजिंग म्हणतात. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘ॲटलस’ या संगणकात १९६२ साली ती प्रत्यक्षात आली. इंटेलच्या ८०३८६ या १९८५ सालच्या प्रोसेसरमध्ये ती कशी चालते, हे येथे पाहू.

या प्रोसेसरमध्ये आभासी स्मृतीचे ४,०९६ बाइटचे समान तुकडे पाडलेले असतात. अशा एका तुकड्यास ‘पेज’ म्हणतात. खऱ्या स्मृतीचेही तेवढ्याच आकाराचे तुकडे असतात. त्यांना ‘फ्रेम’ म्हणतात. कोणते पेज कोणत्या फ्रेममध्ये ठेवले आहे, याची नोंद ‘पेज टेबल’ या तक्त्यात असते. प्रत्येक आज्ञावलीचा तक्ता स्वतंत्र असतो. म्हणूनच पत्ता एक असला तरी जागा निराळी मिळते.

आता २०,५०० हा पत्ता घेऊ. त्याला ४,०९६ ने भागले असता भागाकार ५ येतो व बाकी २० उरते. याचा अर्थ, हवा असलेला बाइट पाचव्या क्रमांकाच्या पेजमध्ये, आरंभापासून २० बाइट पुढे आहे. (पेजची मोजणी शून्यापासून होते.) भागाकार हा पेज क्रमांक आणि बाकी हा ‘ऑफसेट’ होय. समजा, तक्त्यात पेज ५ पुढे फ्रेम ९ अशी नोंद आहे. मग खरा पत्ता ९ × ४,०९६ + २०, म्हणजे ३६,८८४ येतो. येथे फक्त क्रमांक बदलला. ऑफसेट जसाच्या तसा राहिला.

प्रोसेसरला मात्र हा भागाकार करावाच लागत नाही. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात. त्यामुळे ३२ बिटांच्या पत्त्यातील शेवटची १२ बिटे आपोआप ऑफसेट ठरतात आणि आधीची २० बिटे पेज क्रमांक ठरतात. सोळा अंकी पद्धतीत हाच पत्ता `0x00005014` असा लिहितात. त्यातील शेवटचे तीन अंक, `014`, म्हणजेच २०. उरलेला भाग ५.

एखाद्या पेजची नोंद ‘स्मृतीत उपस्थित नाही’ अशी असेल, तर प्रोसेसर काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला सूचना देतो. यास ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. ते पेज डिस्कवर असेल तर ते आणून रिकाम्या फ्रेममध्ये ठेवले जाते. पण तो पत्ता त्या आज्ञावलीचा नसेलच, तर आज्ञावली बंद केली जाते. लिनक्सवर अशा वेळी पडद्यावर `Segmentation fault` हे शब्द दिसतात.

या व्यवस्थेत एक अडचण आहे. वीस बिटांचे सुमारे १० लाख पेज क्रमांक होतात. इतक्या नोंदींचा एकच मोठा तक्ता प्रत्येक आज्ञावलीसाठी ठेवणे परवडत नाही. म्हणून ८०३८६ मध्ये तक्ते दोन पायऱ्यांचे असतात, आणि ते स्मृतीतच असतात. परिणामी एक बाइट वाचण्यासाठी दोनदा तक्ते आणि एकदा तो बाइट, अशी तीन वेळा स्मृती वाचावी लागते.

यावरील उपाय म्हणजे ‘ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर’, अर्थात टी.एल.बी. नुकत्याच शोधलेल्या पेज-फ्रेम जोड्या ही लहान यादी प्रोसेसरच्या आतच जपून ठेवते. ८०३८६ मध्ये अशा ३२ नोंदी मावतात. समजा, १०० पैकी ९८ वेळा जोडी यादीत सापडली. मग स्मृतीचे वाचन ९८ × १ आणि २ × ३ मिळून १०४ वेळा होईल. यादी नसती तर ते ३०० वेळा झाले असते.

मात्र ३२ पेज म्हणजे केवळ १२८ किलोबाइट. समजा, एका सारणीत १,०२४ ओळी आहेत व प्रत्येक ओळ नेमके एक पेज व्यापते. सारणी ओळीने वाचली, तर एक जोडी पूर्ण ओळीला पुरते. तीच स्तंभाने वाचली, तर प्रत्येक वाचनाला नवे पेज लागते आणि यादीतील नोंदी उपयोगी पडण्यापूर्वीच पुसल्या जातात. बेरीज तीच येते, वेळ मात्र वाढतो.

आणखी एक दक्षता घ्यावी लागते. दुसऱ्या आज्ञावलीची पाळी आली, की तक्ता बदलतो. यादीतील जुन्या जोड्या तेव्हा चुकीच्या ठरतात. म्हणून तक्ता बदलताना ८०३८६ सर्व यादी रिकामी करतो. ती तशीच राहिली असती, तर एका आज्ञावलीचे लेखन दुसरीच्या फ्रेममध्ये जाऊन पडले असते.