वहीच्या समासातली झोप

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री; रात्रपाळीत पाणी द्यायला जागावं लागतं. समजा, तिथला एक शेतकरी रोज चार ओळी लिहितो. समासात तो दोन आकडे टाकतो : उठल्या उठल्या झोपेचे तास आणि रात्री जेवणानंतर, मजकूर लिहिण्याआधी, मनःस्थिती १ ते ५. मजकूर आधी लिहिला तर आकडा त्याच्या रंगात रंगतो. झोप उठलेल्या दिवसाच्या तारखेला मांडायची, नाहीतर जोड्या चुकतात.

पाचसहा आठवड्यांनी वाचताना मजकुरात दिसतं, ‘भावाशी वाजलं’, ‘भाव पडला’. समासात मात्र २ हा आकडा बहुतेक वेळा रात्रपाळीनंतरच्याच दिवशी येतो. भाव तर दिवसपाळीच्या आठवड्यातही पडला होता, तेव्हा आकडा ४ होता. तरी एवढ्यावर कारण सिद्ध होत नाही. मन खचल्यानेही झोप उडते. शिवाय रोज ३ लिहिलेला किंवा रविवारी आठवून भरलेला आठवडा मोजूच नये.

दोन आठवडे आकडे खालीच राहिले, झोपही लागेना, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.