'ग्रेड' म्हणजे दर्जा नव्हे, पकड!

टूलरूममध्ये हत्यारांना धार लावणाऱ्या यंत्रावरील चाकाला कामगार सर्रास 'दगड' म्हणतात. वास्तविक तो दगड नसतो. कठीण खनिजाचे लाखो बारीक दाणे एखाद्या चिकट द्रव्याने एकत्र बांधून हे चाक तयार केलेले असते. चाकाच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर इंग्रजी अक्षरे व आकडे छापलेले असतात. दाणे कोणते, ते कशाने बांधले आहेत, चाक किती वेगाने फिरवता येईल, हे सारे त्यांत सांगितलेले असते. भोसरी, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत ही चाके रोज बदलली जातात. बदलणारा कामगार बहुधा मराठी माध्यमातून आयटीआय झालेला असतो किंवा नुसत्या अनुभवावर शिकलेला असतो. त्याच्यासाठी यंत्राजवळ मराठी तक्ता लावायचा म्हटले, की शब्दकोश उघडला जातो आणि घोटाळ्यांना तेथूनच प्रारंभ होतो.

उदाहरणादाखल एक सर्वसाधारण चाक घेऊ. त्याच्या कागदावर असा मजकूर असतो:

```
200 x 20 x 31.75
A 60 K 5 V
33 m/s   3150 rpm
```

पहिली ओळ मापांची आहे. बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, जाडी २० आणि मधल्या भोकाचा व्यास ३१.७५ मिलिमीटर. तिचे मराठीकरण करताना फारशी अडचण येत नाही. दुसऱ्या ओळीत मात्र पाच खुणा आहेत आणि त्यांतील तिसरी, म्हणजे 'के' हे अक्षर, अनुवादकाची खरी परीक्षा पाहते.

'ए' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे. ते पोलादासाठी वापरतात. कार्बाइडच्या टोकाच्या हत्यारांना 'सी' म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे, बहुधा हिरव्या रंगाचे चाक लागते. ६० हा आकडा दाण्याची बारकाई दाखवतो. इंचाला ६० छिद्रे असलेल्या चाळणीवरून हे माप आले आहे, म्हणून आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. पॉलिश पेपर वापरलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. 'दाणा ६०' एवढे लिहिले तरी पुरते. ५ हा आकडा दाण्यांमधील अंतर सांगतो.

'के'ला इंग्रजीत ग्रेड म्हणतात. शब्दकोशात या शब्दापुढे श्रेणी, प्रत, दर्जा असे पर्याय मिळतात आणि तक्त्यावर 'दर्जा : के' असे लिहिले जाते. वाचणाऱ्याने यातून काय समजावे? दर्जा म्हटला की पहिला, दुसरा, तिसरा असा उतरता क्रम डोळ्यांपुढे येतो. 'ए'पासून मोजले तर 'के' अकराव्या क्रमांकावर येतो, म्हणजे हे चाक बरेच हलके असले पाहिजे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. काही अनुवादक एक पाऊल पुढे जाऊन 'कठीणपणा' असे लिहितात. इंग्रजी पुस्तकांतही 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' हेच शब्द असल्याने हा अनुवाद चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु तो दर्जापेक्षाही अधिक फसवा ठरतो. कठीण पोलादासाठी कठीण चाक घ्यावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात नियम नेमका उलटा आहे.

येथे कठीणपणा दाण्याचा नसतो. 'ए'पासून 'झेड'पर्यंतची अक्षरे एवढेच सांगतात, की दाण्याला जागेवर धरून ठेवणारी पकड किती घट्ट आहे. 'ए' सर्वांत सैल, 'झेड' सर्वांत घट्ट. चाक काम करते ते दाण्यांच्या टोकांनी. टोक बोथट झाले, की तो दाणा निखळून पडावा आणि त्याच्यामागचा नवा, अणकुचीदार दाणा उघडा व्हावा, अशी ही रचना आहे. कडक केलेल्या हायस्पीड स्टीलवर दाणे लवकर बोथट होतात, म्हणून ते लवकर सुटले पाहिजेत. तेथे तुलनेने सैल पकड लागते. साध्या, मऊ पोलादावर दाणे अधिक काळ टिकतात, म्हणून तेथे घट्ट पकड चालते.

'पकड' हा एकच शब्द तक्त्यावर आला, तर हे सारे आपोआप उलगडते. टूलरूममधील माणसाला पकड ठाऊक असते. व्हाइसची पकड, चकची पकड हे त्याचे रोजचे शब्द आहेत. 'पकड : के, मध्यमहून थोडी सैल. कडक पोलादाला सैल, मऊ पोलादाला घट्ट,' एवढ्या दोन ओळींत उलटा वाटणारा नियम सरळ होतो.

चुकीचे चाक लागले आहे, हे ओळखताही येते. पकड गरजेपेक्षा घट्ट असेल, तर बोथट दाणे सुटत नाहीत. चाकाचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकू लागतो, धातू कापला न जाता नुसता घासला जातो आणि हत्याराच्या धारेवर निळसर डाग उमटतात. तो निळा रंग म्हणजे धार जळाल्याची, तिचा कडकपणा गेल्याची खूण. कामगार अशा वेळी अधिक जोर लावतो आणि उष्णता आणखी वाढते. याउलट पकड फारच सैल असेल, तर चाक भराभर झिजते व त्याचा आकार बिघडतो.

शेवटचे अक्षर 'व्ही' हे दाणे कशाने बांधले आहेत ते सांगते. इंग्रजीतील 'बाँड' या शब्दाचा कायद्याच्या किंवा बँकेच्या मराठीत होणारा 'बंधपत्र' हा अनुवाद येथे अर्थातच निरुपयोगी आहे. 'बंध' किंवा 'जोड' म्हटले तर चालते. परंतु नुसता 'व्हिट्रिफाइड बंध' लिहून काहीच साधत नाही. हा बंध मातीचा असतो आणि हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजलेला असतो. 'भाजलेल्या मातीचा बंध' असे लिहिले, तर पुढची सूचना वेगळी द्यावीच लागत नाही. भाजलेली माती आपटली की तडकते आणि तो तडा कित्येकदा डोळ्यांना दिसत नाही, हे घरात माठ वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. 'बी' असेल तर बंध राळेचा, म्हणजे रेझिनचा असतो आणि तो धक्का थोडा अधिक सोसतो.

माठ आपण वाजवून घेतो. भाजलेल्या मातीचे चाकही बसवण्यापूर्वी वाजवूनच घ्यायचे असते. चाक कोरडे व स्वच्छ करावे, भोकात बोट किंवा दांडी घालून अधांतरी धरावे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिलिमीटर आत ठोकायचे, मग चाक थोडे फिरवून पुन्हा. खणखणीत नाद आला तर चाक शाबूत, बद्द आवाज आला तर ते वापरातून बाद. राळेच्या चाकाचा नाद मुळातच दबका असतो. त्यामुळे दोन्ही चाकांना एकच कसोटी लावून चालत नाही आणि म्हणूनच तक्त्यावर 'व्ही' व 'बी' यांतील फरक स्पष्ट हवा.

वेग कोणता आणि फेरे किती?

तिसरी ओळ सर्वांत घातक ठरू शकते. तेथे दोन आकडे आहेत आणि मराठीत दोहोंना 'वेग' किंवा 'गती' म्हणण्याची पद्धत आहे. ३३ मीटर प्रति सेकंद हा चाकाच्या परिघाचा वेग, म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर. ३१५० हे मिनिटाला होणारे फेरे. दोन्ही आकडे एकाच मर्यादेची दोन रूपे आहेत, असे वाटून तक्त्यावर 'सुरक्षित वेग ३३' एवढेच ठेवले, तर काय होईल ते पाहू.

टूलरूमच्या टेबलावरील ग्राइंडर मिनिटाला २८०० फेरे करतो असे धरू. त्यावर २०० मिलिमीटरचे चाक लावले, तर परिघाचा वेग सुमारे २९ मीटर प्रति सेकंद भरतो. ३३च्या आत असल्याने ते योग्य आहे. आता ते चाक संपले आणि स्टोअरमध्ये २५० मिलिमीटरचे मिळाले. त्यावरही ३३ मीटर प्रति सेकंदच छापलेले आहे. तक्त्यावर ३३, चाकावर ३३, मग हरकत कसली? गार्ड आड येतो म्हणून तो काढला जातो. परंतु या मोठ्या चाकाला ३३ची मर्यादा मिनिटाला सुमारे २५२० फेऱ्यांनाच गाठली जाते. २८०० फेऱ्यांवर त्याच्या परिघाचा वेग जवळजवळ ३७ मीटर होतो. चाकाला आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग ११ टक्क्यांनी वाढला की ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. त्यातच एखादा न दिसणारा तडा असेल आणि गार्डही जागेवर नसेल, तर फुटलेला तुकडा यंत्रासमोर उभ्या माणसाच्या दिशेने येतो.

म्हणून फेऱ्यांची ओळ गाळू नये आणि तिच्याआधी 'कमाल' हा शब्द गाळू नये. 'फेरे ३१५०' असे वाचून ३१५० फेरे दिलेच पाहिजेत, असाही अर्थ निघतो. 'मिनिटाला ३१५० पेक्षा जास्त फेरे नकोत. यंत्राच्या पाटीवरील आकडा यापेक्षा कमी आहे ना ते पाहा,' ही रचना लांब आहे, पण संदिग्ध नाही.

चित्ररूप सूचनांच्या अनुवादातही असा एक सापळा आहे. चाकाच्या सपाट अंगावर घासू नये, या अर्थाची इंग्रजी सूचना 'कडेने घासू नये' अशी मराठीत येते. बोलीत 'कड' म्हणजे बाजूही आणि धारही. ज्या परिघावर घासायचे, तोच निषिद्ध असल्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. 'फक्त परिघावर घासावे. सपाट अंगावर जॉब टेकवू नये,' असे लिहिणे बरे.

मराठी तक्त्याचा आग्रह नवा नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३० नुसार ग्राइंडिंगच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित परिघीय वेग, दांड्याचा वेग आणि तो वेग राखण्यासाठी लागणाऱ्या पुलीचा व्यास सांगणारी सूचना लावणे बंधनकारक होते. कलम १०८ प्रमाणे अशा सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या होत्या. या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे.

अनुवाद कशाचा करू नये, हेही ठरवावे लागते. चाकावरील अक्षरे व आकडे तक्त्यावर जसेच्या तसे, रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच ठेवावेत. कामगार तक्ता आणि चाक शेजारी धरून खूण जुळवतो. त्याच्या हातातील चाकावर देवनागरी 'के' कोठेच नसतो. मराठी मजकूर त्या खुणेपुढे लिहावा.

आणि तो चाकावर चिकटवू नये. मधला गोल कागद नुसते लेबल नसून चाक आणि त्याला दोन्हीकडून आवळणाऱ्या लोखंडी चकत्या यांच्यामधली ती गादी आहे. तिच्यावर एका बाजूला मराठी स्टिकर लावले, तर दाब असमान पडतो आणि भाजलेली माती असमान दाब सोसत नाही. तक्ता भिंतीवर, यंत्र चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. तोही यंत्राच्या बाजूला असावा, कारण नवे चाक बसवल्यावर गार्ड लावून किमान एक मिनिट रिकामे फिरवताना कोणीही चाकाच्या रेषेत उभे राहायचे नसते.