ठेकेदार गायब झाला, तर मजुरी कोणाकडे मागायची?

समजा, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातून बारा जणांची टोळी हैदराबादच्या एका बांधकामावर गेली. रोज ठरला 600 रुपये. निघताना ठेकेदाराने प्रत्येकाला 8 हजार रुपये उचल दिली आणि बसभाड्याचे वेगळे हजार रुपये. दोन महिने पगार नीट झाला. पुढचे 40 दिवस मात्र ‘बिल अडकलंय’ असंच ऐकायला मिळालं. मग एके दिवशी ठेकेदाराचा फोन बंद. माणशी 24 हजार रुपये थकले. साइट ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, ‘तुम्ही आमची माणसं नाही, ठेकेदाराची.’

हे उत्तर कायद्यात बसत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली वेतन संहिता सांगते की, ज्याने कामावर ठेवले त्याने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत मजूर काम करत होता तिच्या मालकाने ते द्यायचे. मालकाने ठेकेदाराला आधीच पैसे दिले असतील, तर त्याने ते ठेकेदाराकडून वसूल करावेत. तो त्या दोघांमधला हिशेब झाला. मजुराने त्यात अडकून पडायचे कारण नाही.

उचल आणि भाडे

देगलूरच्या टोळीच्या पहिल्या पगारातून ठेकेदाराने 9 हजार कापून घेतले होते, म्हणजे उचल अधिक बसभाडे. इथे दोन गडबडी आहेत. कामावर येण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण पगारातून वळती करता येते, पण प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम कापता येत नाही. शिवाय एका पगारातली एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. 26 दिवसांचे 15,600 होतात, म्हणजे मर्यादा 7,800 रुपये. या टोळीच्या मागणीत म्हणूनच थकीत 24 हजारांबरोबर कापलेले हजार रुपये भाडेही यायला हवे.

जाण्यायेण्याच्या भाड्याचा हक्क सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत वेगळा दिला आहे. त्यासाठी आस्थापनेत परराज्यातले किमान दहा मजूर हवेत आणि मजुराचा पगार महिना 18 हजारांच्या आत हवा. आपले बारा जण दोन्ही अटींत बसतात. पण किती दिवस काम केल्यावर आणि कोणत्या वर्गाचे भाडे मिळेल, हे सरकारच्या नियमांवर सोडले आहे. केंद्राच्या 2020 च्या मसुदा नियमांत वर्षात 180 दिवसांची अट होती. तीन-चार महिन्यांत परतणारा मजूर अशा अटीत बाहेरच राहतो.

जुन्या 1979 च्या कायद्यात पाच मजूर असले तरी पुरत होते. घर सोडून आल्याबद्दल महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ताही होता, आणि तो परत करावा लागत नसे. नव्या संहितेत तो नाही. गावाकडे अजून कोणी या भत्त्याचे आश्वासन देत असेल, तर ते जुन्या कायद्यावरचे आहे.

राहायची सोय

ठेकेदार खोलीचे म्हणून महिना हजार-बाराशे कापतो, तेव्हा काम कोणते आहे ते आधी पाहा. बांधकाम मजुरांसाठी 1996 च्या कायद्यात साइटवर किंवा जवळपास मोफत तात्पुरती घरे, स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची वेगळी सोय देणे मालकावर बंधनकारक होते. नव्या संहितेतही बांधकाम मजुरांच्या मोफत निवासाचा उल्लेख आहे, तपशील मात्र नियमांत ठरायचा. कारखान्यात किंवा हॉटेलात गेलेल्या मजुराला तेवढा थेट आधार राहिलेला नाही.

दावा कसा लावायचा

मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत, काम जिथे झाले तिथल्या कामगार खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा असतो. बारा जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. सभासद असाल तर कामगार संघटनाही तो करू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. अधिकारी थकबाकीवर दहा पटीपर्यंत भरपाईही लावू शकतो.

मात्र आपण त्या साइटवर काम केले, एवढे दाखवावेच लागते, आणि बहुतेक दावे अडतात ते इथेच. गेटपास, हजेरीच्या पानाचा फोटो, ठेकेदाराचे ‘उद्या या’ असे मेसेज, खात्यावर आलेल्या पहिल्या दोन पगारांची नोंद, साइटच्या फलकावरचे कंपनीचे पूर्ण नाव, हे सगळे कामाला येते. गेटपास काम संपताना परत घेतला जातो. त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. फोन हरवला तरी तो तिथे राहील.