गरम हवेची सावली

चैत्र-वैशाखात कोरेगाव भीमाच्या डांबरी रस्त्यावर दुपारी समोरची झाडे थरथरताना दिसतात. झाडे हलत नसतात. मधली तापलेली हवा हलत असते. गरम हवा विरळ असते, म्हणून तिचा वक्रीभवनांक किंचित कमी असतो आणि तिच्यातून येणारा किरण थंड हवेकडे वळतो. रस्त्यावरची हवा फार तापलेली असते, म्हणून एवढे तरी दिसते. तळहातावरून उठणारी ऊब मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवण्यास एक अंतर्गोल आरसा, एक बारीक दिवा आणि दाढीचे पाते पुरते.

पुण्याच्या 'आयुका' संस्थेत हौशी मंडळींसाठी दुर्बिणीचा आरसा घासण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. असा आरसा तपासण्याची रीत फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने 1858 च्या सुमारास काढली. पुढे ट्योप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने 1864 मध्ये तिच्याच तत्त्वावर हवेतील प्रवाह दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

समजा, 15 सेंटिमीटर व्यासाचा गोलीय आरसा आहे व त्याची वक्रतात्रिज्या 2.4 मीटर आहे. तेवढ्या अंतरावर दिव्यापुढे 0.1 मिलिमीटर रुंदीची उभी फट ठेवली, तर तिची तेवढीच प्रतिमा शेजारी पडते. तिथे उभे पाते सरकवून अर्धी प्रतिमा झाकावी आणि पात्यामागून आरशाकडे पाहावे. सारा आरसा सारखाच करडा दिसतो.

आता आरशापुढे हात धरा. हाताजवळची हवा 5 अंशांनी गरम असली, तर वक्रीभवनांकात सुमारे 0.0000044 इतकाच फरक पडतो. हा फरक 1 सेंटिमीटरच्या आत घडला आणि किरण अशा हवेतून जाता-येता दहा-दहा सेंटिमीटर गेला, तर तो अंशाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका वळतो. डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून लहान फरक सहसा कळत नाही. पण 2.4 मीटरवर तो किरण 0.2 मिलिमीटर सरकलेला असतो. पात्याकडे सरकला तर अडतो व ती जागा काळी होते. उलट सरकला तर उजळते. बोटांवरून चढणाऱ्या हवेची एक कड काळी, दुसरी उजळ दिसते.

पाते उभे असेल तर आडव्या दिशेने बदलणारी हवाच दिसते. वर-खाली होणारा बदल पाहण्यास फट व पाते दोन्ही आडवी करावी लागतात. पाते जागेवर नसेल, तर आरसा एकसारखा न काळवंडता एका बाजूने सावली शिरते. पात्याच्याच बाजूने शिरली तर पाते आरशाच्या फार जवळ आहे, विरुद्ध बाजूने शिरली तर फार दूर.

आरसा घासणाऱ्याला हीच हवा फसवते. सावली हवेची की काचेच्या दोषाची, हे ओळखण्याची खूण सोपी आहे: हवेची सावली वाहते, काचेची जागा सोडत नाही. मात्र हाताळून गरम झालेली काचही तेवढ्यापुरती फुगते आणि तिचा खोटा उंचवटा स्थिर दिसतो. म्हणून आरसा निवू द्यावा, आणि उंचवटा तरीही राहिला तरच पुन्हा घासायला घ्यावे.