वास घामाचा नसतो

ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. वास येतो तो त्यावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. तळपायावरचे जिवाणू घामातल्या आणि मृत त्वचेतल्या घटकांवर पोसतात आणि त्यातून आंबूस वासाची आम्लं तयार होतात. म्हणून बुटात अत्तर किंवा डिओ मारून काही साधत नाही. जिवाणूंचं अन्न धुऊन काढणं आणि त्यांना लागणारी ओल घालवणं, हाच त्यावरचा इलाज आहे.

आधी हेल्मेट. बऱ्याच हेल्मेटचं अस्तर आणि गालांजवळच्या गाद्या टिचबटणांवर बसवलेल्या असतात आणि हलक्या हाताने ओढल्या की निघतात. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, पुन्हा बसवताना डावं-उजवं चुकत नाही. कोमट पाण्यात लहान मुलांचा थोडा शाम्पू घालून अस्तर अर्धा तास भिजवा आणि तळव्याने दाबत राहा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं. पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. नंतर पिळू नका, आतला फोम फाटतो. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत, वाऱ्याला ठेवा.

अस्तर निघत नसेल, तर त्याच पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढा. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अस्तरामागचा थर्मोकोलसारखा थर अपघातात धक्का झेलतो. पेट्रोल किंवा थिनर लागलं की तो विरघळतो, अति उष्णतेने आकसतो. त्यामुळे ही द्रावणं जवळपासही आणू नका. हेअर ड्रायर नको आणि तापलेल्या गच्चीवर हेल्मेट वाळवणंही नको.

बुटांचं तंत्र थोडं निराळं. सर्वांत जास्त घाम आतल्या सुट्या सोलमध्ये मुरतो, म्हणून तो आणि नाड्या काढून साबणाने वेगळ्या धुवा. बूट आतून ओल्या ब्रशने घासा. मशीनच्या गरम पाण्यात टाकलेत तर तळाचा डिंक सुटू शकतो. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला. पावसाळ्यात बूट पंख्याखाली ठेवा, दोन दिवस लागले तरी चालेल. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक बुटात चमचाभर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटकून टाका. सोडा अल्कधर्मी असल्याने त्या आम्लांचं क्षारांत रूपांतर होतं आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून वास थांबतो. पण बूट ओला असताना सोडा टाकलात, तर त्याचे खडे होऊन कापडात बसतात.

रोज एकच जोड घालणाऱ्याचे बूट रात्रीत वाळत नाहीत. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा आणि मोजे रोज बदला. एवढं करूनही वास परतला आणि बोटांच्या बेचक्यांत खाज किंवा सालपटं दिसली, तर ती बुरशी असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बूट धुत बसण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना पाय दाखवा.